स्कॅनमधला सातबारा आणि निसटलेला कंस

जुने सातबारे, खरेदीखतं, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या, गावच्या वाचनालयातली पिवळी पडलेली पुस्तकं. हे सगळं स्कॅन करून पेन ड्राइव्हवर ठेवणारे आता घरोघरी सापडतात. पुढची पायरी अवघड असते. यातला मजकूर शोधता येईल का, कॉपी करता येईल का, आकडे एक्सेलमध्ये घेता येतील का? चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करण्याच्या या कामाला ओसीआर म्हणतात. त्याबद्दल नवख्यांना पडणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. इथे उदाहरणं मुद्दाम जमिनीच्या कागदांची घेतली आहेत, कारण तिथे चूक किती महागात पडते ते गुंठ्यांत मोजता येतं.

माझ्या पीडीएफमध्ये मजकूर आहे की नुसतं चित्र, हे कसं ओळखायचं?

पानावरच्या एखाद्या ओळीवरून माउस फिरवा. ओळ निवडली जात नसेल तर ते नुसतं चित्र आहे. निवडली गेली तर कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा आणि काय उतरतं ते पाहा.

नीट मराठी उतरलं तरी लगेच विश्वास टाकू नका. पुष्कळ स्कॅन केलेल्या फायलींत वर दिसतं ते पानाचं चित्र असतं आणि त्याच्या मागे कोणीतरी आधी केलेल्या ओसीआरचा अदृश्य मजकूर दडवलेला असतो. डोळे चित्र वाचतात, कॉपी मात्र तो दडलेला मजकूर होतो. दोन्ही एकच असतील याची हमी नसते. म्हणून निदान दोन-चार ओळी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात.

तिसरा प्रकार मराठीत फार भेटतो. पडद्यावर सुरेख देवनागरी, पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा लगदा. ही फाइल बहुधा स्कॅन नसतेच. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तिथे आजही इंग्रजी अक्षरंच आहेत. नेमका फॉन्ट कळला तर त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं. नाही कळला, तर पानाचं चित्र करून त्यावरच ओसीआर चालवावा. बऱ्याचदा तेच कमी कटकटीचं ठरतं. फॉन्टची नावं या आज्ञेने दिसतात:

```
pdffonts kagad.pdf
```

यादी रिकामी आली तर फाइलमध्ये फॉन्ट नाहीत, म्हणजे फक्त चित्रं आहेत.

मोबाइलवर काढलेला फोटो चालेल का?

चालेल, पण देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त बारकावा लागतो. आपल्याकडे अर्थाचा बराचसा भार शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली असलेल्या छोट्या खुणांवर असतो. पुस्तकातला अनुस्वाराचा ठिपका समजा ०.४ मिलिमीटर रुंदीचा आहे. दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३०० डीपीआयने स्कॅन केलं तर त्याच्या वाट्याला साधारण पाच पिक्सेल येतात. १०० डीपीआयला दीडच्या आसपास. दीड पिक्सेलचा ठिपका आणि कागदावरचा धुळीचा कण यांत यंत्राला फरक करता येत नाही. त्यामुळे ते एक तर सगळेच ठिपके टाकून देतं, नाहीतर धुळीचेही अनुस्वार करतं.

ए-फोर कागदाचं ३०० डीपीआयचं चित्र साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. फोटो त्याहून लहान असेल, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून फिरून आला असेल, तर त्यातला बारकावा वाटेतच गळलेला असतो. नंतर ते चित्र कितीही मोठं केलं तरी गेलेला ठिपका परत येत नाही. फाइल पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आणि स्कॅन रंगीत करा. दुकानदार फाइल लहान व्हावी म्हणून काळं-पांढरं करून देतात. खरेदीखतावर आकड्याच्याच डोक्यावर जांभळा शिक्का बसलेला असतो. रंगीत स्कॅनमध्ये तो जांभळा रंग वेगळा काढून खालची काळी शाई वाचता येते. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शिक्का आणि आकडा मिळून एकच डाग होतो, आणि त्या डागातून आकडा सोडवायची काही युक्ती नाही.

‘९९ टक्के अचूक’ म्हणजे जवळजवळ पूर्ण बरोबरच ना?

हे टक्के बहुधा अक्षरांचे असतात. एका पानावर १,८०० अक्षरं धरली तर ९९ टक्के अचूकतेतही १८ चुकतात. पानावर तीनशे शब्द असतील आणि प्रत्येक चूक वेगळ्या शब्दात पडली, तर शंभरातले सहा शब्द बिघडलेले. दोनशे पानांच्या पुस्तकात ३,६०० चुका. शिवाय हा ९९चा आकडा स्वच्छ छापील पानाचा असतो, तलाठ्याच्या दप्तरातल्या कागदाचा नव्हे.

पण चुका किती यापेक्षा त्या कुठे पडतात ते महत्त्वाचं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, थ आणि य या जोड्या आकाराने जवळच्या. शाई पसरली किंवा टाइप झिजला की त्यांची अदलाबदल होते. नेहमीच्या शब्दात हे निभावतं, कारण आजचे ओसीआर प्रोग्राम एकेक अक्षर सुटं वाचत नाहीत, आजूबाजूची अक्षरं पाहून अंदाज बांधतात. ‘भराठी’ दिसलं तरी ते बहुतेक वेळा ‘मराठी’ लिहितात.

हाच गुण आडनावाला मारक ठरतो. दुर्मीळ आडनाव, वाडीचं नाव, शेताचं नाव यंत्राने शिकताना पाहिलेलं नसतं. मग ते त्याला ओळखीच्या शब्दाकडे ओढतं. नतीजा असा, की निकालात छापलेला शब्द शुद्ध मराठी असतो, वाचताना खटकत नाही, फक्त तो कागदावर नसतो. निरर्थक चूक नजरेला टोचते; ही टोचत नाही.

भाषा योग्य निवडलीत तर यातला काही भाग टळतो. टेसरॅक्ट हा फुकट मिळणारा, बराच वापरला जाणारा प्रोग्राम आहे. त्यात मराठीसाठी `mar` आणि हिंदीसाठी `hin` अशी वेगवेगळी माहिती असते. लिपी एकच म्हणून हिंदी निवडली तर ‘ळ’ची वाट लागते, कारण हिंदीत तो जवळपास नाहीच. इंग्रजी शब्द मिसळलेले असतील तर `mar+eng` द्यावं.

जुन्या पुस्तकांचं काय?

छपाई चांगली असेल तर आश्चर्य वाटेल इतकं छान निघतं. पण एक फसवणूक हमखास होते. १९६२मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘नांव’ असं छापलेलं असतं. आजच्या मजकुरावर शिकलेला प्रोग्राम यातले काही अनुस्वार ठेवतो, काही गिळतो. एकाच पानावर ‘कांहीं’, ‘कांही’ आणि ‘काही’ अशी तिन्ही रूपं मिळतात, आणि त्यातलं लेखकाचं कोणतं ते मजकुरावरून सांगता येत नाही.

गोष्ट समजून घ्यायची असेल तर याने काही बिघडत नाही. पण जुन्या लेखनपद्धतीचा अभ्यास करणाऱ्याने या मजकुराच्या आधारे एकही विधान करू नये. शोधतानाही लक्षात ठेवा: ‘काही’ शोधलंत तर ‘कांहीं’ सापडणार नाही. शब्द सापडला नाही याचा अर्थ तो पुस्तकात नाही, असा होत नाही.

आकडे तरी बरोबर येतील ना? ते तर दहाच आहेत.

उलट, सगळ्यात कमी भरवसा आकड्यांचा. शब्दाला शेजाऱ्यांचा आधार असतो, आकड्याला नसतो. ‘६१’ आणि ‘६९’ दोन्ही तितकेच शक्य आहेत, त्यामुळे चुकलेला आकडा यंत्राला चुकलेला वाटतच नाही. देवनागरीत १ आणि ९, २ आणि र, शून्य आणि अनुस्वाराचा मोठा ठिपका यांत घोटाळे होतात. पानावर इंग्रजी आकडेही असतील तर गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून आकडे काढताना एकच प्रश्न विचारावा: या आकड्याची खातरजमा कागदावरच कुठे होते का?

समजा एका छापील सातबाऱ्याच्या स्कॅनमधून तीन खातेदारांची क्षेत्रं निघाली: ०.४०.५०, ०.३८.०० आणि ०.६९.२०. ही मांडणी हेक्टर, आर आणि चौरस मीटरची आहे. १०० आरचा एक हेक्टर, १०० चौरस मीटरचा एक आर. कागदावर एकूण क्षेत्र १.३९.७० असं आलंय. आता बेरीज करू. ४०.५० अधिक ३८.०० म्हणजे ७८.५०. त्यात ६९.२० मिळवले की १४७.७० आर, म्हणजे १.४७.७०. कागदावरच्या बेरजेपेक्षा हे बरोबर आठ आरने जास्त आहे. आठचा फरक एकं स्थानावर पडलाय, आणि १च्या जागी ९ वाचला की आठनेच वाढतं. तिन्ही क्षेत्रांत एकं स्थानी ९ असलेला आकडा एकच, ६९. चित्र मोठं करून पाहिलं की तिथे ६१ निघतो: ४०.५०, ३८.०० आणि ६१.२० मिळून १३९.७०. बेरीज जुळली.

फरकाने इथे चुकीची जागासुद्धा दाखवली. पण बेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर, असंही नाही. दोन चुका एकमेकींना कापू शकतात, आणि खातेदाराच्या नावापुढे दुसऱ्याचं क्षेत्र चिकटलं तरी बेरीज तीच राहते. स्कॅन तिरका असेल तर ओळी सरकून असं होतं.

आणखी जुन्या कागदांवर एकर आणि गुंठे असतात, तिथे निराळा सापळा आहे. ‘२.३५’ आणि ‘१.१८’ ही दोन क्षेत्रं यंत्राने अगदी बरोबर वाचली. एक्सेलने बेरीज दिली ३.५३. कागदावर लिहिलंय ४.१३. कागद बरोबर आहे, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो: ३५ आणि १८ मिळून ५३ गुंठे, म्हणजे एक एकर १३ गुंठे. एकही अक्षर चुकलेलं नाही, तरी हिशेब चुकला. ते टिंब दशांशाचं नाही हे चित्रात कुठेच लिहिलेलं नसतं. स्तंभाचं शीर्षक वाचणाऱ्यालाच ते कळतं.

काही क्रमांकांची ठेवण ठरलेली असते, त्यांची तपासणी सोपी. बँकेचा आयएफएससी कोड अकरा चिन्हांचा, त्यात पहिली चार अक्षरं आणि पाचवं नेहमी शून्य. तिथे यंत्राने इंग्रजी ‘ओ’ वाचला असेल तर डोळे मिटून दुरुस्त करावा. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. गट नंबर, फेरफार क्रमांक, दस्त क्रमांक यांना मात्र असं कुठलंच कुंपण नाही. ते प्रत्येक वेळी चित्रावरून डोळ्यांनी वाचायचे.

अक्षरं आणि आकडे सगळे बरोबर आले, तर कागद पूर्ण निघाला असं म्हणायचं का?

इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर एखाद्या खातेदाराचा हक्क विक्रीने, वाटपाने किंवा मृत्यूनंतर वारसांकडे गेला, की त्याचं नाव खोडून टाकत नसत. नावाला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. तलाठी कार्यालयात ‘नाव कंस केलं’ असंच म्हणतात. कंसातलं नाव म्हणजे पूर्वीचा मालक.

ओसीआर एकेक आडवी ओळ कापून वाचतो. पेनाने काढलेला आणि तीन ओळींना मिळून घातलेला कंस त्या कापाकापीत तुकडे होऊन जातो. तुकडे कधी गळतात, कधी ‘१’ किंवा ‘।’ म्हणून उतरतात. वर्तुळातला फेरफार क्रमांक भलत्याच नावाच्या मागे जाऊन बसतो. हाती येते ती नावांची सरळ यादी, त्यात वारलेले आजोबा, जमीन विकून गेलेला भाऊबंद आणि आजचा खातेदार सगळे एका ओळीत. प्रत्येक नाव बिनचूक, आणि यादी साफ खोटी.

खोडलेली ओळ, समासातली दुरुस्ती, वरच्यासारखंच या अर्थाने काढलेल्या रेघा, सहीची जागा, रिकामा ठेवलेला रकाना यांचंही हेच होतं. रिकामा रकाना तर विशेष घातक. माणसाला ‘इथे काही लिहिलेलं नाही’ ही माहिती मिळते. यंत्र पुढच्या रकान्यातला मजकूर उचलून डावीकडे सरकवतं. अशा कागदांतून नावं शोधण्यापुरता मजकूर काढावा. हक्क कोणाचा हे त्यावरून ठरवू नये.

हाताने लिहिलेलं वाचता येतं का? आणि मोडी?

छापील अक्षरांसाठी बनवलेला प्रोग्राम हस्ताक्षरावर चालवला तर तो ‘वाचता येत नाही’ असं म्हणत नाही. काहीतरी लिहून देतोच. एकाच कारकुनाच्या हातची शेकडो पानं असतील, आणि त्यातली काही माणसाने अक्षरशः उतरवून यंत्राला शिकवली, तर उरलेल्यांचं वाचन बऱ्यापैकी सुधारतं. घरातल्या चार पत्रांसाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही. बसून टाइप करावीत.

मोडीची अडचण अक्षरांच्या वळणापाशी संपत नाही. मोडीत शब्द सुटे लिहीत नसत, विरामचिन्हं नसत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. म्हणजे अक्षरन् अक्षर ओळखलं तरी शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याला त्या काळची भाषा, हुद्दे, परगण्यांची नावं आणि पत्राचे ठरलेले मायने ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. मोडी कागद असेल तर तो जाणकार मोडी वाचकाकडेच न्यावा. स्कॅनचा उपयोग एवढाच, की मूळ कागद हाताळावा लागत नाही.

यंत्र स्वतः सांगतं का, की इथे मला खात्री नाही?

सांगतं, पण अर्धवट. टेसरॅक्टला असं विचारता येतं:

```
tesseract pan-07.png pan-07 -l mar --psm 6 tsv
```

यातून तक्ता मिळतो. त्यात प्रत्येक शब्दासमोर `conf` या स्तंभात शून्य ते शंभर असा खात्रीचा आकडा असतो. कमी आकड्याचे शब्द आधी तपासावेत, हे बरोबर. मात्र ९६ दिसलं म्हणून सोडून देऊ नये. वर सांगितलेला ६९ चांगल्या खात्रीनिशी येऊ शकतो, कारण झिजलेला १ खरोखरच ९सारखा दिसत असतो.

मला याहून उपयोगी वाटते ती दुहेरी वाचनाची रीत. तेच पान एकदा आहे तसं आणि एकदा उजळ-गडद बदलून वाचवायचं आणि दोन निकाल ताडून पाहायचे. जिथे ते वेगळे, तिथे चित्र उघडायचं. दोन्ही निकाल एकसारखे चुकण्याची शक्यता उरतेच, म्हणून आकड्यांच्या बाबतीत दुसरं वाचन माणसाचंच हवं.

मजकूर निघाल्यावर मूळ कागद आणि मोठ्या फायली टाकून देऊ का?

नको. मजकूर तर सोडाच, स्कॅनचं चित्रसुद्धा खोटं बोलू शकतं. २०१३मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक बांधकामाचा नकाशा झेरॉक्स वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केला. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ असं स्वच्छ, ठसठशीत छापून आलं. ओसीआर चालवलेलाच नव्हता.

कारण होतं फाइल लहान करण्याची जेबीआयजी-२ नावाची पद्धत. ती पानावरचे एकसारखे दिसणारे तुकडे शोधते, त्यातला एकच साठवते आणि बाकीच्या ठिकाणी तोच डकवते. तुकडे पुरेसे सारखे आहेत हे ठरवताना चूक झाली की ६च्या जागी ८ बसतो. तो ८ अंधुक किंवा फाटका नसतो, पानावरच्या दुसऱ्या खऱ्या ८ची हुबेहूब प्रत असतो. त्यामुळे चित्र कितीही मोठं करून पाहिलं तरी संशय येत नाही. कंपनीने पुढे यंत्रांसाठी दुरुस्ती काढली, आणि २०१५मध्ये जर्मनी व स्वित्झर्लंड इथल्या यंत्रणांनी जतन करायच्या कागदपत्रांसाठी ही पद्धत नाकारली.

आपल्या हातात एवढंच असतं, की स्कॅन करताना ‘लहान फाइल’चा पर्याय बंद ठेवायचा, मूळ चित्र टिफ किंवा पीएनजीमध्ये राखायचं, आणि आधीच्या काळ्या-पांढऱ्या, संशय यावा इतक्या हलक्या पीडीएफमधले आकडे कागदाशी ताडून घ्यायचे. फाइलमधल्या चित्रांवर कोणती पद्धत वापरली आहे ते ही आज्ञा सांगते. ‘enc’ या स्तंभात ‘jbig2’ दिसलं तर त्या पानांपासून सुरुवात करा:

```
pdfimages -list kagad.pdf
```